कुरकुरीत म्हणजे ताजे नव्हे : मुरमुरे, पोहे आणि लाह्या भरून ठेवण्यापूर्वी

पंचवटीतल्या आमच्या घरी दिवाळीच्या आधी ओळखीच्या लोकांसाठी चिवडा करून देण्याचे काम अनेक वर्षे चालत आले आहे. काही वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या सुमारास मी रविवार कारंजाकडच्या एका घाऊक दुकानातून मुरमुऱ्यांची दहा-दहा किलोंची दोन पोती आणली. दुकानात पहिल्या पोत्यातले मूठभर मुरमुरे चुरून पाहिले, चार दाणे तोंडात टाकले, आवाज छान आला, आणि "काकू, आजच गाडी उतरली आहे," या दुकानदाराच्या वाक्याने उरलासुरला संशयही गेला. चिवडा झाला त्या दिवशी चवीला उत्तम होता. नवव्या-दहाव्या दिवशी मात्र एका घरून निरोप आला की, चिवड्याला जुन्या तेलासारखा वास येतो आहे.

आम्ही साहजिकच तेलाला दोष दिला. परंतु त्याच तेलात तळलेले थोडे शेंगदाणे वेगळ्या डब्यात उरले होते आणि त्यांना कसलाही वास नव्हता. मग न वापरलेले मुरमुरे वाटीत घेऊन त्यांवर उकळते पाणी घातले, दोन मिनिटे झाकण ठेवले आणि उघडले, तर नेमका तोच वास नाकाशी आला. दुसरे पोते तळापर्यंत उपसून पाहिल्यावर त्यातले खालचे दाणे चिवट निघाले, तर पहिल्या पोत्यातल्या बऱ्याच दाण्यांच्या टोकांवर बारीक करपट डाग होते. यावरून मी काढलेला निष्कर्ष असा की, दोन्ही पोती जुन्याच मालाची होती आणि पहिल्या पोत्यातला सादळलेला माल पुन्हा भाजून कुरकुरीत केलेला होता. गाडी त्या दिवशी उतरली असेलही, पण मुरमुरे फुटले केव्हा हे गाडीवरून कळत नाही.

या प्रसंगानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात पक्की बसली. हलक्या धान्यपदार्थांना दोन वेगवेगळी दुखणी जडतात आणि आपण दोन्हींना एकच समजतो. पहिले दुखणे सादळण्याचे. ते हवेतल्या ओलाव्यामुळे होते, काही तासांत होऊ शकते आणि उष्णता दिली की बरेही होते. दुसरे खवटपणाचे. ते दाण्यातल्या स्निग्धांशावर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊन येते, हळूहळू वाढते आणि कोणत्याही उपायाने मागे फिरत नाही. सादळलेला माल ताजा असू शकतो आणि कुरकुरीत माल जुना असू शकतो. म्हणून खरेदीच्या वेळी हाताने एक परीक्षा आणि नाकाने दुसरी, अशा दोन्ही स्वतंत्रपणे कराव्या लागतात.

सादळणे म्हणजे नेमके काय होते, हे मुरमुरे कसे होतात ते पाहिले की उलगडते. (आमच्याकडे मुरमुरे, मुंबई-कोकणात कुरमुरे आणि कोल्हापूर-सांगलीकडे चुरमुरे म्हणतात, वस्तू एकच.) साळ भिजवून, वाफवून, वाळवून तिचा उकडा तांदूळ काढतात, त्याला मिठाचे पाणी चोळून मंद आचेवर शेकतात आणि मग तो कडकडीत तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्यात राहिलेल्या थोड्याशा पाण्याची एका क्षणात वाफ होते, ती बाहेर पडण्यासाठी मऊ झालेल्या पिठूळ भागाला फुगवते आणि दाणा थंड होताच तो भाग फुगलेल्या आकारातच कडक होतो. म्हणजे मुरमुऱ्याचा दाणा हा असंख्य बारीक पोकळ्यांचा आणि त्यांच्यामधल्या पातळ, काचेसारख्या कडक भिंतींचा बनलेला असतो. दात बसला की त्या भिंती एकामागून एक फुटतात आणि तोच आपल्याला कुरकुर असा आवाज ऐकू येतो.

या भिंती कडक राहण्याची अट एकच, ती म्हणजे त्यांत पाणी फार कमी असले पाहिजे. नुकत्याच फुटलेल्या मुरमुऱ्यात वजनाच्या तीन-चार टक्के पाणी असते. ते आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास गेले की भिंती तुटण्याऐवजी वाकू लागतात आणि दाणा चिवट होतो. पावसाळ्यात चिक्की उघडी राहिली तर ती कशी वाकते आणि दाताला चिकटते, तसाच हा प्रकार आहे. त्यात दाणा आतून पोकळ असल्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड असतो, आणि दाण्यात मीठही असते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढू लागते. आषाढ-श्रावणात नाशिकची हवा ही मर्यादा वारंवार ओलांडते, म्हणून त्या दिवसांत दुकानातले उघड्या तोंडाचे पोते सकाळी कुरकुरीत आणि संध्याकाळी वरच्या थरात मऊ, असे होऊ शकते. तेच पोते मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चार दिवस उघडे राहिले तरी फारसे बिघडत नाही.

हाताची परीक्षा करताना मूठभर मुरमुरे चुरण्यापेक्षा एकच दाणा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाबावा, असे मी सुचवीन. मुठीत दहा कडक दाण्यांच्या आवाजात पाच चिवट दाणे लपून जातात. ताजा, कोरडा दाणा दाबताक्षणी फुटून त्याचा चुरा होतो. थोडा सादळलेला दाणा आधी किंचित दबतो आणि मग तडकतो. पूर्ण सादळलेला दाणा चपटा होतो आणि बोट सोडल्यावर तसाच राहतो. असे दहा दाणे तपासावेत, परंतु तेही एकाच ठिकाणचे घेऊ नयेत. पोत्याच्या तोंडाशी हवेचा परिणाम दिसतो आणि तळाशी जमिनीच्या ओलीचा, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालून मधले दाणे काढावेत आणि पोते नवे असेल तर तळाचीही शिवण थोडी उसवून दाखवायला सांगावे. घाऊक दुकानदार कुरकुर करतात, पण दोन पोती घेणाऱ्याला बहुधा नाही म्हणत नाहीत.

ज्यांना नेमकेपणा हवा आहे त्यांच्यासाठी घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. दुकानातून आधी पाव किलो नमुना आणावा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर ग्रॅम मुरमुरे मोजावेत, जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सहा-सात मिनिटे हलवत राहावे, रंग बदलू देऊ नये, आणि ते थंड होताच लगेच पुन्हा मोजावेत. वजन एक-दोन ग्रॅमने उतरले तर माल कोरडा आहे. मागे म्हटलेल्या दुसऱ्या पोत्याच्या तळाचे मुरमुरे मी असे मोजले, तेव्हा शंभरांचे चौऱ्याण्णव भरले होते. म्हणजे दर किलोमागे सुमारे साठ ग्रॅम पाणी भाजल्यावर निघून गेले. चांगल्या मालातूनही दहा-वीस ग्रॅम निघालेच असते; तेवढे वजा केले तर दहा किलोंच्या पोत्यात जवळपास अर्धा किलो पाण्याचे पैसे मी फुकट मोजले होते. मुरमुरे मापाने घेतले तर हा तोटा होत नाही, पण तिथे दुसरीच गंमत होते. मापात भुगा आणि फुटके दाणे असतील तर ते सांदीत बसतात आणि हलके, मोठे, अखंड दाणे कमी येतात. म्हणून मापाने घेताना तळहातावर घेऊन फुंकर मारून भुगा किती उडतो ते पाहावे.

आता नाकाच्या परीक्षेकडे येऊ, कारण पुन्हा भाजलेल्या मालाची फसवणूक फक्त इथेच पकडता येते. तांदळातला स्निग्धांश थोडा असला तरी तो असतो, आणि त्यातला बराचसा वरच्या कोंड्याच्या थरात आणि कोंबाच्या टोकाशी असतो. तो बिघडला की त्याला जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. कोरड्या, थंड दाण्यात हा वास दबून राहतो, म्हणून पोत्यात नाक घालून वास घेण्याचा फारसा उपयोग नाही, शिवाय दुकानात मसाल्यांचे आणि गोणपाटाचे इतर वास असतातच. नमुना घरी आणावा, वाटीत दोन चमचे घेऊन त्यांवर उकळते पाणी घालावे, दोन मिनिटे झाकावे आणि झाकण उघडताच पहिला वास घ्यावा. ताज्या मालाला गरम भातासारखा किंवा भाजल्या तांदळासारखा वास येतो. दुसऱ्यांदा वास घेतला की नाक सरावते आणि निर्णय डळमळतो. यानंतर कोरडे चार दाणे घेऊन पंधरा-वीस सेकंद सावकाश चावावेत आणि गिळल्यावर घशाशी कडवट चव राहते का ते पाहावे. खवटपणा जिभेच्या टोकाला नाही, शेवटी मागे कळतो. दुकानात घाईने चार दाणे चावून गिळणाऱ्याला तो म्हणूनच सापडत नाही.

भाजण्याबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. सादळलेले मुरमुरे घरी पुन्हा शेकणे अगदी रास्त आहे, मात्र ते चिवडा करण्याच्या दिवशी आणि एकदाच. वारंवार शेकल्याने कुरकुरीतपणा परत येतो, पण प्रत्येक वेळी उष्णता स्निग्धांशाच्या बिघाडाला एक पाऊल पुढे ढकलते. आमच्याकडे एकदा सुनेने श्रावणात दर आठवड्याला डबा शेकून ठेवला होता. शेवटी मुरमुरे कुरकुरीत होते आणि खाण्याच्या लायकीचे नव्हते.

पोह्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे कुरकुरीतपणाचा निकष अर्धाच लागू पडतो. पोहे करताना साळ भिजवतात, गरम वाळूत भाजतात आणि ती गरम, मऊ असतानाच दाबून चपटी करतात. तूस आणि बराचसा कोंडा त्यात सुटतो, थोडा राहतो. दाणा फुगवलेला नसल्यामुळे त्यात काचेच्या भिंती नसतात आणि साध्या जाड पोह्यांत दहा-बारा टक्के पाणी असणे हे दोष नाही. म्हणून जाडे पोहे मुरमुऱ्यांसारखे कुडुम वाजत नाहीत अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्यांचे खरे दुखणे खवटपणाचे आहे. दाणा चपटा झाल्यामुळे आतला स्निग्धांश हवेला उघडा पडतो आणि कोंडा जितका जास्त राहिला असेल तितका तो लवकर बिघडतो. लालसर, कमी पॉलिशचे पोहे चवीला आणि पौष्टिकतेला चांगले असतात, परंतु ते तीन महिन्यांसाठी भरून ठेवण्याची वस्तू नाहीत. जे टिकवायचे आहेत ते मलईच्या रंगाचे पांढरे पोहे घ्यावेत आणि लाल पोहे महिन्याला लागतील तेवढेच.

कांदेपोह्यांसाठीच्या जाड पोह्यांची परीक्षा पाण्यात होते. दोन मुठी पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवावेत, पाणी निथळू द्यावे आणि सात-आठ मिनिटे झाकून ठेवावेत. चांगल्या पोह्यांचा दाणा या वेळात सगळीकडे सारखा मऊ होतो, सुटा राहतो आणि दोन बोटांत दाबला तर आत कडक रेष लागत नाही. आत कडक राहिला तर पोहे नीट भाजले गेलेले नाहीत किंवा फार जुने आहेत. बाहेरून लगदा आणि आतून कडक असे दोन्ही झाले तर ते तुकड्यांचे आणि भुग्याचे मिश्रण आहे. भुगा आधी विरघळून अखंड दाण्यांना चिकटतो. भुग्याचा अंदाज घेण्यासाठी मी अर्धा किलो पोहे बारीक चाळणीतून चाळते. खाली चमचाभर पडले तर ठीक, वाटीभर पडले तर तो माल कितीही स्वस्त असला तरी परवडत नाही, कारण भुग्यातच ओल, किडे आणि वास आधी धरतात. चाळताना खडा आणि वाळूही कळते. भट्टीतली वाळू नीट चाळली गेली नसेल तर ती दाताखाली येण्याआधी चाळणीखालच्या ताटात किर्रकिर्र वाजते.

चिवड्याचे पातळ पोहे, ज्यांना नायलॉन किंवा कागदी पोहे म्हणतात, हे मुरमुरे आणि जाडे पोहे यांच्या मधले आहेत. इथे कुरकुरीतपणा हवा असतो, पण तो दुकानातून विकत मिळत नाही, आपण ऊन दाखवून आणतो. म्हणून पातळ पोहे निवडताना आजचा कडकपणा कमी पाहावा आणि दाण्याची एकसारखी जाडी जास्त पाहावी. एक चिमूट पोहे उजेडासमोर धरले की सगळ्या दाण्यांतून सारखाच प्रकाश आला पाहिजे. काही पातळ आणि काही जाड असतील तर कढईत पातळ दाणे करपतात तेव्हा जाड दाणे अजून चिवट असतात, आणि असा चिवडा कितीही कसबी हाताने केला तरी दाताखाली दोन प्रकारचा लागतो. नमुन्यातले मूठभर पोहे कोरड्या कढईत मंद आचेवर शेकून पाहावेत. चांगले पोहे पसरट राहून कडक होतात, तर आक्रसून गोळा होणारे पोहे फार ओले असतात किंवा आपलीच आच मोठी असते. दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण बहुतेक वेळा चूक आपली असते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर नाशिकला जे आठ-पंधरा दिवस स्वच्छ ऊन पडते, त्यात पातळ पोह्यांना सुती कापडावर दोन-तीन तास ऊन दाखवणे ही साठवणीची उत्तम वेळ आहे. ऊन कललेले असताना नव्हे, तर बारा ते तीनच्या दरम्यान ते पसरावेत आणि उन्हातून काढल्यावर लगेच डब्यात कोंबू नयेत. गरम पोह्यांवर झाकण लावले की आतली वाफ झाकणाला थेंब होऊन बसते आणि तीच खाली गळते. घरात अर्धा तास पंख्याखाली न ठेवता, फक्त कापडाने झाकून, निवू द्यावेत. उन्हाचा आणखी एक उपयोग असा की, पोह्यांत लालसर बारीक किडे असतील तर ते ऊन लागताच कडेला चालू लागतात आणि पांढऱ्या कापडावर सहज दिसतात. किडा दिसला नाही, पण चार-पाच दाणे एकमेकांना बारीक धाग्याने लटकलेले दिसले, तर ती पतंगाच्या अळीची जाळी असते. दुकानात अशी जाळी दिसली तर ते पोते सोडून द्यावे आणि शक्यतो शेजारचेही.

लाह्यांविषयी थोडक्यात सांगते. साळीच्या लाह्या लक्ष्मीपूजनाच्या आधी बाजारात ताज्या येतात. त्यांत तुसाचे टोकदार तुकडे किती राहिले आहेत हे पाहणे कुरकुरीतपणाइतकेच महत्त्वाचे, कारण ते लहान मुलांच्या घशाला टोचतात. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीला लागतात, म्हणजे नेमक्या सर्वांत दमट दिवसांत, आणि ज्वारीचा कोंब दाण्यातच राहत असल्याने त्यांत स्निग्धांश तांदळापेक्षा जास्त असतो. म्हणून त्या आठ-दहा दिवसांत संपतील एवढ्याच घेते, पूजेला आणि नंतर ताकात कालवायला. राजगिऱ्याच्या लाह्या तर याहून नाजूक, कारण राजगिऱ्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. उपवासाच्या आदल्या आठवड्यात त्या घ्याव्यात, आणि राजगिऱ्याच्या लाडवाला खवट वास आला तर गुळाला दोष देण्यापूर्वी लाह्यांना गरम पाण्याची चाचणी द्यावी.

बंद पाकिटावरच्या तारखेबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ती तारीख पुष्कळदा पाकीट भरल्याची असते, माल भट्टीतून निघाल्याची नसते, आणि मधल्या काळात तो माल कोणाच्या गोदामात किती दिवस होता हे तिच्यातून कळत नाही. म्हणून महिना नवा असला तरी एक पाकीट फोडून गरम पाण्याची परीक्षा घ्यावी आणि मगच उरलेली घ्यावीत. पारदर्शक पाकिटे काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेली असतील तर ती नकोतच. प्रकाश आणि उष्णता दोन्ही खवटपणाला हातभार लावतात. मागच्या फळीवरचे, अंधारातले पाकीट मागावे.

घरी आणल्यावर मी दहा किलो मुरमुरे एका पिंपात भरत नाही. रोज उघडल्या जाणाऱ्या पिंपात रोज दमट हवा शिरते. त्याऐवजी एकेक किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हवा दाबून बांधते, त्या स्टीलच्या पिंपात रचते आणि त्यातली एक फोडून छोट्या डब्यात काढते. पिंप जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवते आणि त्याच्या शेजारी उदबत्त्या, कपड्यांचा साबण किंवा लसणाची टोपली ठेवत नाही, कारण मुरमुरे पाण्याइतक्याच तत्परतेने वासही ओढतात. प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून आणल्याची तारीख लिहिते आणि तिच्याखाली दोन नोंदी : शेकल्यावर शंभरांचे किती ग्रॅम भरले, आणि गरम पाण्याचा वास कसा होता. या वर्षीच्या पिशव्यांवर "९८, भाताचा वास" असे लिहिलेले आहे. रविवार कारंजाच्या त्या दुकानातून मी अजूनही माल घेते, फक्त आता आधी पाव किलो नमुना घरी आणते आणि दुसऱ्या दिवशी पोते उचलते.